मामाची स्प्लेंडर आणि कुंभार्ली घाट

भाचीने पुण्याहून एकटीने मोटारसायकलवर गावी जायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळे हायवेबद्दल बोलत होते. ट्रक, रात्र, पाऊस, एकटी मुलगी. मला काळजी होती ती तिच्या डाव्या हाताची. गाडी माझी, 2016 ची जुनी स्प्लेंडर. ती मात्र कॉलेजपासून स्कूटर चालवणारी.

स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात, डावीकडचा मागच्या चाकाचा. मोटारसायकलला त्याच जागी क्लच असतो आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. माणूस घाबरला की बोटं सवयीने आवळली जातात. सपाट रस्त्यावर त्याने फारसं बिघडत नाही. घाटाच्या उतारावर मात्र क्लच दाबला की इंजिनाची ओढ सुटते आणि गाडी थांबायच्या ऐवजी पळायला लागते.

गिअरचंही तसंच. ती मैत्रिणीच्या ज्या गाडीवर शिकली, तिचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात आणि कमी करायला टाचेने मागचा दांडा दाबावा लागतो. म्हणजे उतारावर गिअर कमी करायला तिने सवयीने पंजा दाबला, तर गिअर उलट वाढणार. चूक झाली का, हे कानाने कळतं. गिअर कमी झाला तर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मागे खेचली जाते. आवाज बसला आणि गाडी मोकळी सुटली, तर गिअर उलटा पडला.

म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मैदानात गेलो. डाव्या हाताची चारही बोटं उघडी ठेवून गाडी थांबवायची, एवढाच सराव. पुढचा ब्रेक आणि पायाचा ब्रेक एकदम, क्लच अगदी शेवटी, इंजिन बंद पडायच्या बेताला. सुरुवातीला गाडी धक्के खाऊन बंद पडायची. अंधार पडेपर्यंत बोटं मिटायची थांबली.

मग पेट्रोलचा कॉक दाखवला. जुन्या गाडीत पेट्रोल संपत आलं की इंजिन अडखळतं, मग कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. आधीच्या माणसाने तो रिझर्व्हवरच ठेवला असेल, तर ही सूचना मिळतच नाही आणि गाडी थेट बंद पडते. मागून आणलेल्या जुन्या गाडीचा कॉक म्हणूनच आधी बघायचा.

कागदपत्रांत आरसी, विमा, पीयूसी होतं. तिच्या लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलची नोंद आहे, हेही पाहिलं. नुसतं विनागिअरचं लायसन्स असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय विम्यासोबतचं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण गाडीच्या मालकासाठी असतं, गाडी मागून नेणाऱ्यासाठी नाही. तिच्यासाठी आम्ही वेगळा अपघात विमा काढला.

पहाटे निघून ती साताऱ्यापर्यंत विनासायास गेली. उंब्रजला हायवे सोडून मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगरच्या अलीकडे इंजिन अडखळलं. तिने डावा हात खाली नेऊन चालत्या गाडीत कॉक फिरवला आणि पुढच्या पंपावर टाकी भरली. तिथे कॉक परत फिरवायलाही विसरली नाही.

कुंभार्ली घाट हेळवाकच्या पुढे उतरायला लागतो. वरून तिसऱ्या गिअरात निघालेली ती पहिल्या अवघड वळणाआधी दुसऱ्यात आली. टाचेने दांडा दाबला, आवाज चढला, गाडी खेचली गेली. तिच्या स्प्लेंडरला दोन्हीकडे ड्रम ब्रेक. लांब उतारावर ते सतत दाबून ठेवले तर तापतात, पकड कमी होते, ब्रेक नेहमीपेक्षा खोल जायला लागतो आणि जळका वास येतो. म्हणून वेग इंजिनाने धरायचा आणि ब्रेक वळणाआधी थोडा वेळ दाबून सोडायचा.

निम्म्या घाटात वळणावरून एसटी वर आली, तिच्या बाजूला बरीच सरकून. तिने नंतर मला सांगितलं, "मामा, बोटं क्लचकडे गेली होती. गाडी सुटल्यासारखी वाटली आणि मी हात उघडला." क्लच सुटल्याबरोबर इंजिनाने गाडी धरली, मग दोन्ही ब्रेक लागले आणि गाडी डाव्या कडेला, गटाराच्या अलीकडे उभी राहिली. तिथे ती पाणी प्यायली, ब्रेक थंड होऊ दिले आणि दुसऱ्याच गिअरात पोफळीला उतरली. दुपारच्या जेवणाला आजीच्या पडवीत होती.

घरातल्या मुलीला मोटारसायकल द्यायची असेल तर नुसती किल्ली हातात देऊ नका. आदल्या दिवशी तास-दीड तास तिच्याबरोबर मैदानात उभे राहा, आणि डावा हात उघडा ठेवून गाडी थांबवता येईपर्यंत तिला घाटात पाठवू नका.