एकोणऐंशी रुपयांनी वाढलेलं कर्ज

मे २०२३ मधल्या एका सकाळी पुतण्याचा फोन आला. आवाजात तक्रार होती. "काका, बँकेनं घोळ घातलाय. एप्रिलचा हप्ता वेळेवर गेला, आणि कर्ज कमी व्हायच्या ऐवजी ७९ रुपयांनी वाढलंय."

मी आयुष्यभर बँकेत कर्जखात्यांच्या टेबलावर बसलो, त्यामुळे नातेवाइकांचे असे फोन मला नवे नाहीत. त्याला म्हटलं, उतारा पाठव. उतारा आला, तासभर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. घोळ नव्हता. हिशेब पैशापर्यंत बरोबर होता, आणि म्हणूनच तो समजून घेण्यासारखा होता.

पुतण्यानं चिंचवडला फ्लॅट घेताना जानेवारी २०२२ मध्ये तीस लाखांचं कर्ज काढलं होतं. मुदत वीस वर्षं, दर ७ टक्के, हप्ता २३,२५९ रुपये. मंजुरीपत्रात दराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'रेपो दर अधिक ३ टक्के'. तेव्हा रेपो होता ४ टक्के, म्हणून बेरीज ७. हे वाक्य त्यानं वाचलं होतं, पण त्यातला पहिला शब्द आपल्याशी कधी बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं.

रेपो म्हणजे काय, तर बँकांना एक-दोन दिवसांची नड लागते तेव्हा त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलतात, त्या उसनवारीचा दर. मुंबईत सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते आणि तो ठरवते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राहावी, फार तर दोन टक्के इकडे-तिकडे, हे तिला सरकारनं नेमून दिलेलं काम. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, हा दर ४ टक्क्यांवर आणला होता. पुढे महागाई ६ टक्क्यांच्या वर गेली आणि ४ मे २०२२ रोजी, ठरलेली बैठक नसताना, तो अचानक ४.४० करण्यात आला. मग चढण सुरू झाली. जूनमध्ये ४.९०, ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, डिसेंबरात ६.२५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०.

इथे एक रास्त प्रश्न येतो. बँकेनं पुतण्याला दिलेले पैसे काही रिझर्व्ह बँकेकडून एका रात्रीसाठी आणलेले नव्हते. ते तुमच्या-आमच्या ठेवींचे होते आणि त्या ठेवींचा दर तर ठरलेला. मग रेपो वाढला की त्याचं कर्ज का वाढावं?

कारण तसा नियमच आहे. आणि तो कर्जदारांच्या बाजूनं केला गेला, ही त्यातली गंमत. पूर्वी बँका आपला पायाभूत दर स्वतः काढत. २०१० पासून 'बेस रेट' होता, २०१६ पासून 'एमसीएलआर'. दोन्हींत बँकेला पैसा केवढ्याला पडतो याचा हिशेब असे, आणि तो हिशेब बँकेच्याच हातात. रेपो वाढला की कर्ज लगेच महाग व्हायचं. उतरला की "आमच्या जुन्या ठेवी अजून महागाच्या आहेत" हे उत्तर तयार. आम्ही टेबलापलीकडून ते उत्तर शेकडो वेळा दिलंय, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. पण रिझर्व्ह बँकेच्या एका अभ्यासगटानं २०१७ मध्ये सांगितलं, की हे दर काढताना बँका मनमानी करतात. अखेर १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बंधन आलं, की घर, वाहन, वैयक्तिक अशी नवी बदलत्या दराची कर्जं बाहेरच्या एखाद्या मापाला बांधायची. बहुतेकांनी ते माप म्हणून रेपो निवडला. दर तीन महिन्यांत निदान एकदा तरी कर्जाचा दर त्या मापाशी जुळवून घ्यायचा. त्याला बँकेच्या भाषेत रीसेट म्हणतात. गृहवित्त कंपन्यांवर आणि सहकारी बँकांवर मात्र हे बंधन घातलेलं नव्हतं, तेव्हा तुमचं कर्ज तिथलं असेल तर पुढचा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

पुतण्याच्या खात्याचा रीसेट जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एक तारखेला. जून २०२२ पर्यंत दर ७ टक्केच होता. हप्त्यातले साडेसतरा हजार व्याजात जात आणि पावणेसहा हजारांच्या आसपास मुद्दल फिटे. जुलैत दर ७.९० झाला. बँकेनं हप्ता तोच ठेवला, म्हणून मुद्दलाकडे जाणारी रक्कम घसरून ३,७४० वर आली. ऑक्टोबरात ८.९०, मुद्दलाला उरले १,३५० च्या घरात. जानेवारीत ९.२५, उरले सव्वापाचशे. आणि एप्रिल २०२३ मध्ये दर ९.५० झाला तेव्हा त्या महिन्याचं व्याजच २३,३३८ रुपये निघालं. हप्ता २३,२५९. कमी पडलेले ७९ रुपये मुकाट्यानं मुद्दलात जाऊन बसले.

आधीच्या पंधरा महिन्यांत त्यानं ३,४८,८८५ रुपये भरले होते. मुद्दल कमी झालं होतं ५२ हजार.

बदलत्या दरात खरी फसगत इथे होते. हप्ता तोच राहिला की माणसाला वाटतं, आपलं काही बिघडलेलं नाही. दरवाढ त्याच्या खिशात येत नाही, ती मुदतीत शिरते. बँकेलाही ते सोयीचं असतं. हप्ता वाढवला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक काउंटरवर येईल, मुदत वाढवली तर कोणी येत नाही. पण मुदत किती ताणणार? व्याजच हप्त्याच्या पुढे गेलं की कर्ज कधीच फिटत नाही. मुदतीच्या रकान्यात लिहायला आकडाच उरत नाही.

पुतण्या म्हणाला, "मग हप्ता थोडा वाढवून घेतो. पंचवीस हजार करू?" मी गणित मांडून दाखवलं. दर साडेनऊवरच राहिला असं धरलं, तर पंचवीस हजारांच्या हप्त्यानं कर्ज फिटायला ३४४ महिने लागतात, म्हणजे २८ वर्षं ८ महिने. ठरल्याप्रमाणे उरलेल्या २२५ महिन्यांतच फेडायचं तर हप्ता हवा २८,१०५. महिन्याला तीन हजार शंभर वाचवायला गेलं की दहा वर्षं वाढतात, आणि एकूण भरणा बावीस लाखांहून जास्त वाढतो. फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग बायकोशी बोलून कळवतो म्हणाला.

त्याचा पुढचा प्रश्न सगळेच विचारतात. तेव्हाच स्थिर दराचं कर्ज का नाही घेतलं? उत्तर असं, की वीस वर्षांचा खरा स्थिर दर आपल्याकडे मिळणंच दुर्मीळ. जाहिरातीत 'फिक्स्ड' लिहिलेलं असतं, ते बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतं. पुढे ते कर्ज तरतं होतं. कधी करारातल्या एखाद्या कलमानं बँक तो 'स्थिर' दरही बदलू शकते. यात बँकेचा निव्वळ डाव नाही. तिच्या ठेवी एक, दोन, तीन वर्षांच्या. तो पैसा वीस वर्षं एकाच दरानं बाहेर देणं म्हणजे ठेवींचे दर चढले की स्वतःच बुडणं. अमेरिकेत तीस वर्षांची स्थिर दराची गृहकर्जं सर्रास मिळतात, कारण तिथे ती कर्जं फॅनी मे, फ्रेडी मॅक अशा संस्थांमार्फत पुढे गुंतवणूकदारांना विकली जातात आणि दराचा धोका बँकेच्या डोक्यावरून उतरतो. आपल्याकडे ती बाजारपेठ तेवढी वाढलेली नाही. म्हणून इथे स्थिर दर मिळाला तरी तो चढा असतो. तो धोका बँकेनं विकत घेतल्याची किंमत त्यात धरलेली असते.

पाच-सात वर्षांच्या वाहनकर्जाला किंवा वैयक्तिक कर्जाला स्थिर दर ठीक. बहुतेकदा तोच देतात. घराच्या लांब कर्जाला माझं मत बदलत्या दराकडे झुकतं, आणि त्याचं मुख्य कारण दर नाही. व्यक्तीनं घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकेला २०१२ पासून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. बोनस आला, गावची जमीन विकली, की तेवढं मुद्दल फेडून मोकळं होता येतं. स्थिर दरात तो दंड लागू शकतो.

आता पुतण्याच्या मंजुरीपत्रातला दुसरा शब्द, 'अधिक ३ टक्के'. याला बँकेत स्प्रेड म्हणतात. रेपो सगळ्यांना एकच, पण स्प्रेड प्रत्येक कर्जात वेगळा, आणि तो कर्ज घेतलं त्या दिवसाचा. नियमानुसार बँकेला तो मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. कर्जदाराची पत बिघडली तरच त्यापोटीचा भाग वाढतो, बाकीचा तीन वर्षांतून एकदाच वाढवता येतो. पण २०२३ मध्ये रेपो चढा असताना नवी गिऱ्हाइकं मिळवायला बँकांनी नव्या कर्जांवरचा स्प्रेड खाली आणला होता. जुने मात्र जुन्याच स्प्रेडवर. म्हणजे एकाच शाखेत, सारख्याच पगाराचे दोघे, एक जण साडेनऊनं फेडतोय आणि शेजारचा पावणेनऊनं. जुन्याला कोणी बोलावून सांगत नाही. मागावं लागतं.

पुतण्यानं जूनमध्ये अर्ज दिला. सोबत दुसऱ्या एका बँकेचा देकार जोडला. कर्ज तिकडे हलवायचं तर पुन्हा प्रक्रिया शुल्क, मुद्रांक, वकिलाचा शोध अहवाल, हे सगळं आलं असतं. त्यापेक्षा आपल्याच बँकेनं काही हजार शुल्क घेऊन स्प्रेड सव्वादोनवर आणला. दर झाला ८.७५. हप्ता त्यानं २८,१०० केला. त्या दरानं २२५ ऐवजी २०० महिन्यांत कर्ज संपतं. त्या एका अर्जानं दोन वर्षं कापली.

त्याच वर्षी १८ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराला विचारायचं. व्याज हप्त्याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. आणि दर तिमाहीला आतापर्यंत फिटलेलं मुद्दल-व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि दर दाखवणारा उतारा द्यायचा. पुतण्यासारखे ७९ रुपये आणखी बऱ्याच जणांच्या खात्यात जमा झाले असणार. स्थिर दरात जाण्याचा पर्यायही त्यात सक्तीचा होता, पण ऑक्टोबर २०२५ पासून तो देणं बँकेच्या मर्जीवर आहे. तो तिमाही उतारा ई-मेलच्या ढिगात येऊन पडतो. आला नसेल तर शाखेकडे लेखी मागा, आणि हप्त्याच्या आधी 'उरलेले हप्ते' हा रकाना वाचा.

२०२५ मध्ये वारं फिरलं. रेपो फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्यानं उतरत डिसेंबरात ५.२५ वर आला आणि जानेवारी २०२६ च्या रीसेटला पुतण्याचा दर साडेसात झाला. हप्ता कमी करायचा का, असं बँकेनं विचारलं. त्यानं २८,१०० च ठेवला.