दोन दिवसांची रजा, दहा ओळींचा अर्ज

समजा, पाचवीतल्या एका मुलीच्या मावशीचे साताऱ्याला लग्न आहे. शुक्रवार-शनिवार शाळा बुडणार. अर्ज वर्गशिक्षिकेला लिहायचा आणि तो तिने स्वतःच लिहायचा, आईने सांगून नव्हे. तो साधारण असा होईल:

दिनांक : 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. वर्गशिक्षिका,
इयत्ता पाचवी, तुकडी ब,
(शाळेचे नाव, गाव)

विषय : दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

महोदया,
माझ्या मावशीचे लग्न 29 नोव्हेंबरला सातारा येथे आहे. त्यासाठी मी घरच्यांबरोबर जाणार आहे. म्हणून मला 28 व 29 नोव्हेंबर (शुक्रवार व शनिवार) या दोन दिवसांची रजा द्यावी, ही विनंती. सोमवारी, 1 डिसेंबरला मी शाळेत येईन. बुडालेला अभ्यास पूर्ण करीन.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
अ. ब. क.
हजेरी क्रमांक 14

पालकांची सही :

जुन्या पद्धतीत पत्ता आणि तारीख उजव्या कोपऱ्यात जायची. आता सगळे डावीकडून लिहिण्याची पद्धत रूढ होते आहे. शाळेत जी शिकवतात ती धरावी, दोन्हींची सरमिसळ करू नये. शिक्षक असतील तर ‘महोदय’, मुलगा लिहीत असेल तर ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. नमुना उतरवताना मुले नेमकी इथेच चुकतात. ‘स.न.वि.वि.’ बरोबरीच्या माणसाला लिहितात, बाईंना नाही.

खरी गडबड तारखांत होते. नुसते ‘28 पासून 1 पर्यंत’ लिहिले, तर 1 तारखेला मुलगी येणार की नाही, हे बाईंना कळत नाही. म्हणून रजेचे दिवस, त्यांचे वार आणि परत येण्याचा दिवस, तिन्ही लिहावे. मधला रविवार सुट्टीचाच, तो रजेत धरायचा नाही.

आजारपणाचा अर्ज वेगळा. ताप काही सांगून येत नाही. बहुतेक वेळा मूल बरे होऊन शाळेत आल्यावरच अर्ज देते. तरीही ‘मला रजा द्यावी’ असेच लिहिले जाते. रजा तर घेऊन झाली! तेव्हा विषयात ‘गैरहजेरीबाबत’ लिहावे आणि मजकुरात ‘ताप आल्यामुळे मी 3 व 4 डिसेंबरला शाळेत येऊ शकले नाही. कृपया ही रजा मंजूर करावी’ असे. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर सोबत जोडावी. पोटदुखीचे सविस्तर वर्णन मात्र नको, कारण एका वाक्यात पुरते.

काही शाळांच्या दैनंदिनीत रजेचे छापील पान असते. तिथे वेगळा अर्ज लागत नाही. कारण आणि तारखा भरून पालकांची सही घ्या आणि ते पान बाईंना दाखवा.