ड्रायव्हर मुळासकट काढताना

कालपर्यंत सुरळीत चालणारा गेम अपडेट उतरल्यानंतर मध्येच काळा पडू लागला किंवा त्याचे दृश्य लुकलुकू लागले, की दोष अपडेटचाच असणार असे सहज वाटते. पण अशा बिघाडात गेम, विंडोज आणि ग्राफिक्स ड्रायव्हर असे तीन घटक गुंतलेले असतात आणि अपडेटने बदललेला असतो त्यांतील फक्त एक. ड्रायव्हर म्हणजे विंडोज व गेम यांच्या मागण्या ग्राफिक्स कार्डाला समजतील अशा आज्ञांमध्ये उतरवून देणारी प्रणाली. प्रकाश, सावली, पाणी, धूर यांचे रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना शेडर म्हणतात. गेम ते कच्च्या स्वरूपात पुरवतो आणि विशिष्ट कार्डासाठी त्यांचे पक्के भाषांतर ड्रायव्हर करतो. गेमच्या नव्या आवृत्तीत शेडर बदलले किंवा पूर्वी न वापरलेली एखादी सोय वापरात आली, की ड्रायव्हरच्या ज्या भागाला आजवर कोणी हात लावला नव्हता तो भाग कामाला लागतो, आणि तिथे आधीपासून दडलेली चूक त्या दिवशी प्रथमच उघडी पडते. त्यामुळे गेम बदलला तरी बिघाड ड्रायव्हरमध्ये असणे पूर्णपणे शक्य आहे.

पडदा काळा पडतो तेव्हा आत काय घडते, हे समजल्याशिवाय पुढच्या उपायाचा अर्थ लागत नाही. विस्टापासूनच्या प्रत्येक विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डावर पहारा ठेवणारी एक यंत्रणा असून तिला टीडीआर म्हणतात. कार्डाकडे दिलेले काम दोन सेकंदांत संपले नाही आणि ते मध्येच थांबवताही आले नाही, तर कार्ड अडकले आहे असे मानून विंडोज ड्रायव्हरला नव्याने सुरू करते. त्या दोन-तीन सेकंदांत पडदा काळा होतो, आवाज मात्र बहुधा चालू राहतो, आणि डेस्कटॉप परत येतो तेव्हा गेम बंद पडलेला असतो. या घटनेची नोंद Event Viewer मधील Windows Logs च्या System या विभागात 4101 या क्रमांकाने होते. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर तिथे पुढील ओळ दिसते:

```
Display driver nvlddmkm stopped responding and has successfully recovered.
```

ही ओळ काळ्या पडद्याच्या नेमक्या वेळेशी जुळली, तर ड्रायव्हर अडकला होता एवढे निश्चित होते. तो का अडकला हे मात्र त्यातून कळत नाही, कारण सदोष ड्रायव्हर, मर्यादेपलीकडे वेग वाढवलेले कार्ड आणि अपुरा वीजपुरवठा या तिन्हींची खूण सारखीच उमटते. अशा वेळी रजिस्ट्रीत TdrDelay ही नोंद घालून दोन सेकंदांची मुदत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु त्याने अडकलेले कार्ड सुटत नाही, पडदा गोठून राहण्याचा काळ तेवढा लांबतो. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल आणि त्याच विभागात Kernel-Power या स्रोताची 41 क्रमांकाची नोंद एकटीच सापडत असेल, तर ड्रायव्हर काढण्याच्या खटाटोपाआधी वीजपुरवठा, तारा आणि तापमान तपासणे अधिक शहाणपणाचे ठरते.

लुकलुकण्याची परीक्षा याहून सोपी आहे आणि ती मायक्रोसॉफ्टनेच सुचवलेली आहे. पडदा लुकलुकत असताना Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्याच्या खिडकीकडे लक्ष द्यावे. बाकी सगळ्यासोबत तीही लुकलुकत असेल तर संशय ड्रायव्हरवर जातो. ती स्थिर राहून भोवतालचेच दृश्य हलत असेल तर एखादा प्रोग्रॅम विंडोजशी जुळत नसल्याची शक्यता मोठी. लुकलुक केवळ गेममध्येच आणि एखाद्या विशिष्ट दृश्यातच होत असेल, तर ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी गेमच्या फायली पडताळून घ्याव्यात. स्टीमवर ही सोय गेमच्या Properties मध्ये Installed Files या पानावर असते.

ड्रायव्हरवरचा संशय पक्का झाल्यावरही जुन्या ड्रायव्हरवर नवा चढवणे नेहमीच पुरत नाही, याचे कारण विंडोजच्या साठवणपद्धतीत आहे. ड्रायव्हर बसवताना विंडोज त्याच्या संपूर्ण गठ्ठ्याची एक प्रत C:\Windows\System32\DriverStore\FileRepository या कोठारात ठेवते. डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर काढताना Attempt to remove the driver for this device या ओळीपुढे खूण केली नाही, तर कार्डाची नोंद पुसली जाते आणि कोठारातील प्रत जशीच्या तशी राहते. संगणक पुन्हा सुरू होताच विंडोज कार्ड ओळखते, कोठार धुंडाळते आणि तोच ड्रायव्हर परत बसवते. वापरणाऱ्याला ड्रायव्हर नवा बसल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात काहीच बदललेले नसते. याखेरीज रजिस्ट्रीतील जुन्या नोंदी, प्रत्येक गेमसाठी ठेवलेली सेटिंगे आणि भाषांतर करून साठवलेले शेडर हेही मागे उरू शकतात. विंडोज 11 च्या अलीकडच्या आवृत्त्यांत कोठारात किती ड्रायव्हर साठले आहेत हे प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या टर्मिनलमध्ये पाहता येते:

```
pnputil /enum-drivers /class Display
```

एकाच कार्डाच्या दोन-तीन आवृत्त्या या यादीत एकाखाली एक दिसणे मुळीच दुर्मीळ नाही.

उदाहरण 2025 च्या आरंभीचे घेता येते. त्या वर्षीच्या जानेवारीत आरटीएक्स 50 या नव्या कार्डांबरोबर एनव्हिडियाचा 572.16 हा ड्रायव्हर आला आणि पुढच्या काही महिन्यांत काळ्या पडद्याच्या तक्रारी नव्याच नव्हे तर जुन्या पिढीच्या कार्डांवरही वाढल्या. कंपनीने अनेक तातडीच्या दुरुस्त्या काढल्या, एप्रिलमधील 576.02 सोबतच्या टिपणात निवारलेल्या दोषांची यादी बरीच लांब होती, आणि दरम्यान अनेकांनी डिसेंबर 2024 मधील 566.36 या आवृत्तीकडे परतणे पसंत केले. समजा, त्या काळात आरटीएक्स 40 मालिकेचे कार्ड असलेल्या, विंडोज 11 वर चालणाऱ्या डेस्कटॉपवर गेमच्या अपडेटनंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी पडदा काळा पडतो आहे आणि 4101 ची नोंद प्रत्येक वेळी जुळते आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची आवृत्ती 32.0.15.7216 अशी दिसते. हा आकडा गोंधळात टाकतो, पण टिंबे वगळून शेवटचे पाच अंक घेतले आणि तिसऱ्या अंकानंतर टिंब दिले, की 572.16 हा कंपनीचा क्रमांक मिळतो. परतीसाठी निवडलेला 566.36 बसल्यावर त्याच जागी 32.0.15.6636 दिसायला हवे.

पूर्वतयारीत घाई केली तर पुढे अडकायला होते. हवा असलेला ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, ही दोन्ही कंपनीच्या व निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळांवरून आधीच उतरवून ठेवावीत. डीडीयू हे ड्रायव्हरचे गठ्ठे, रजिस्ट्रीतील नोंदी आणि उरलेल्या फायली एकत्र काढणारे साधन आहे. रंगांची सेटिंगे किंवा स्वतः बनवलेली रिझोल्यूशने पुसली जाणार असल्याने त्यांचे फोनवर छायाचित्र घेतलेले बरे. संगणकाची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची 48 अंकी रिकव्हरी की हाताशी असावी, कारण सेफ मोडकडे जाताना ती विचारली जाऊ शकते. तसेच सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्डही आठवत असला पाहिजे. शेवटी इंटरनेट तोडावे, केबल काढावी आणि वायफाय बंद करावे. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण ड्रायव्हर निघताच विंडोज अपडेट आपल्या साठ्यातील एखादी आवृत्ती स्वतःहून बसवू लागते आणि साफ केलेल्या जागेवर दुसराच ड्रायव्हर येऊन बसतो.

सेफ मोड म्हणजे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन चालणारे विंडोज; तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालू नसल्यामुळे त्याच्या फायली वापरात अडकून राहत नाहीत. Shift दाबून ठेवून Restart निवडले, की Troubleshoot, Advanced options, Startup Settings या मार्गाने Restart करून पुढच्या यादीत 4 हा आकडा दाबता येतो. msconfig मधूनही सेफ मोड लावता येतो, मात्र तिथली खूण काढायची राहिली तर संगणक प्रत्येक वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहतो. डीडीयूमध्ये उपकरणाचा प्रकार म्हणून GPU आणि कंपनी म्हणून NVIDIA निवडून Clean and restart दाबावे. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरसोबतचे आणि स्वतंत्र अशी दोन ग्राफिक्स असतात. तिथे संशय असलेल्याच कंपनीचा ड्रायव्हर काढावा आणि लॅपटॉपच्या निर्मात्याने दिलेली आवृत्तीही जवळ ठेवावी.

संगणक परत सुरू झाल्यावर डेस्कटॉप बहुधा जाडाभरडा आणि कमी रिझोल्यूशनचा दिसतो. ते बिघडल्याचे चिन्ह नसून सफाई झाल्याची खूण आहे, कारण आता पडदा Microsoft Basic Display Adapter या साध्या ड्रायव्हरवर चालतो आहे. इंटरनेट अजून तुटलेलेच ठेवून उतरवलेला 566.36 बसवावा, संगणक एकदा पुन्हा सुरू करावा, 32.0.15.6636 हा आकडा तपासावा आणि मगच इंटरनेट जोडावे. डीडीयूतून विंडोज अपडेटला ड्रायव्हर उतरवण्यास मनाई केली असेल तर ती आठवणीने मागे घ्यावी. पहिल्यांदा गेम उघडताना सगळे शेडर नव्याने भाषांतरित होतात, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटे गेम अडखळला तर त्यावरून निष्कर्ष काढू नये.

पुढची तपासणी शिस्तीने व्हायला हवी. कार्डाचा वाढवलेला वेग मूळ पातळीवर आणून, बाकी कोणतेही सेटिंग न बदलता, पूर्वी पडदा काळा पडत असे त्याच्या किमान तिप्पट वेळ तोच गेम चालवावा आणि 4101 ची नोंद शोधावी. नोंद नसेल तरी दोन शक्यता उरतात: दोष 572.16 मध्येच होता किंवा जुन्या उरल्यासुरल्या फायलींत. त्यांतील खरी कोणती हे ठरवायचे असेल तर 572.16 हाच ड्रायव्हर पुन्हा तशाच सफाईने बसवून पाहावा लागतो. तो आता नीट चालला तर गुन्हेगार जुना साठा होता. पडदा पुन्हा काळा पडला तर आवृत्तीच सदोष आहे, आणि गेमचे अपडेट, कार्ड, दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक व नोंदीची वेळ यांसह ती तक्रार कंपनीकडे पाठवण्याजोगी होते. दोन्ही आवृत्त्यांवर सारखाच काळा पडदा येत असेल आणि जो दुसरा गेम आजवर बिनतक्रार चालत होता तोही त्याच रीतीने बंद पडू लागला असेल, तर तिसऱ्यांदा ड्रायव्हर बसवण्याऐवजी संगणकाची बाजूची झडप उघडावी आणि कार्डाला वीज देणारी जोडणी शेवटपर्यंत आत बसली आहे का, ते आधी पाहावे.