‘आय पेड’ की ‘आय हॅव पेड’? ‘काल’ हा शब्द आला की काय बदलतं?

‘मी काल वीजबिल भरलं आहे.’ हे मराठी वाक्य अगदी बरोबर आहे. पण तेच जसंच्या तसं इंग्रजीत नेऊन ‘आय हॅव पेड द बिल यस्टरडे’ म्हटलं, की ते चुकतं. असं का होतं?

नेमका फरक काय?

‘आय पेड’ हा साधा भूतकाळ आहे, तर ‘आय हॅव पेड’ हा पूर्ण वर्तमानकाळ. या दुसऱ्या नावातच ‘वर्तमान’ आहे. क्रिया आधी घडलेली असते, पण बोलणारा आत्ताच्या स्थितीबद्दल सांगत असतो.

समजा, कुणी दारात उभं राहून ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणालं. याचा अर्थ किल्ली अजून सापडलेली नाही आणि दार बंद आहे. ‘आय लॉस्ट माय की लास्ट वीक’ म्हटलं, तर फक्त मागच्या आठवड्यातली घटना कळते. किल्ली नंतर सापडलीही असेल.

‘काल’ आणि ‘हॅव’चं का जमत नाही?

मराठीत ‘काल’ आणि ‘आहे’ एकाच वाक्यात चालतात. इंग्रजीत मात्र ‘हॅव’ वाक्याला वर्तमानाशी बांधतं आणि ‘यस्टरडे’ संपलेल्या वेळेकडे नेतं. म्हणून काल, दोन दिवसांपूर्वी, २०२२मध्ये अशी संपलेली वेळ सांगितली, की साधा भूतकाळच येतो. ‘टुडे’ किंवा ‘धिस वीक’ अजून संपलेले नसतात, त्यामुळे त्यांच्यासोबत ‘हॅव’ चालतं.

घरमालक आणि भाडेकरू यांचा हा संवाद पाहा:

– हॅव यू पेड द बिल?
– येस, आय हॅव.
– व्हेन डिड यू पे इट?
– आय पेड इट यस्टरडे.

पहिल्या प्रश्नात बिल आता भरलेलं आहे की बाकी आहे, एवढंच विचारलंय. ‘व्हेन’ आल्यावर चौकशी वेळेची झाली आणि ‘हॅव’ गळून पडलं.

मुलाखतीत अर्थ कसा बदलतो?

‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ ऐकून समोरचा समजतो, की उमेदवाराने ती नोकरी सोडली आहे. नोकरी अजून सुरू असेल, तर ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हणावं लागतं. मराठीत हा फरक ‘तीन वर्षं काम केलं’ आणि ‘तीन वर्षांपासून काम करतोय’ असा दिसतो. इथे मराठीत साधा ‘करतोय’ असल्यामुळे अनेकजण ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स थ्री इयर्स’ म्हणतात; प्रमाण इंग्रजीत ते चूक धरलं जातं.

अमेरिकी सिनेमांत वेगळं का ऐकू येतं?

‘आत्ताच जेवलो’ यासाठी ब्रिटिश लोक सहसा ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणतात. अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ही सर्रास चालतं. पण ‘यस्टरडे’सोबत ‘हॅव’ नको, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.