तीन गाड्यांचं एक बिल

हिंजवडीतल्या एखाद्या मध्यम कंपनीच्या ॲडमिन विभागात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल येतं. सोबत लॉगशीटचा गठ्ठा असतो. गठ्ठा जाड असल्यामुळे तो सहसा कोणी उलटून बघत नाही. बेरीज जुळते ना, एवढं पाहून बिल अकाउंट्सकडे जातं. बेरीज जुळतेच. बिलात गोम असली, तर ती करारातल्या दोन-तीन वाक्यांत असते आणि त्या वाक्यांवर वर्षभरापूर्वी कंपनीनंच सही केलेली असते.

असं एक बिल उघडून बघू. आकडे समजायला सोपे जावेत असे धरले आहेत, पण बिलाची घडण खरी आहे. कर्मचाऱ्यांची ने-आण करायला तीन अर्टिगा लावल्या आहेत. दर किलोमीटरला 18 रुपये आणि प्रत्येक गाडीचं महिन्याचं किमान बिल 2,500 किलोमीटरचं. म्हणजे गाडी कमी धावली तरी 45,000 रुपये द्यायचे आणि जास्त धावली तर वरच्या प्रत्येक किलोमीटरचे 18. या महिन्यात पहिली गाडी 3,100 किलोमीटर धावली, दुसरी 2,400 आणि तिसरी 1,700. तिसरी पाच दिवस आलीच नाही. तिच्या जागी आलेल्या बदली गाडीचे 500 किलोमीटर वेगळ्या ओळीत लावले आहेत. चार ओळी झाल्या: 55,800, 45,000, 45,000 आणि 9,000. एकूण 1,54,800 रुपये.

किमान बिल ही व्हेंडरची लबाडी आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. गाडी दारात उभी असली तरी तिचा हप्ता, विमा, परमिटचा खर्च आणि चालकाचा पगार थांबत नाही. गाडीमालकानं महिनाभर गाडी तुमच्यासाठी अडकवून ठेवली, तर तेवढी हमी त्याला मिळायलाच हवी. ही हमी एकेका गाडीवर मोजायची की सगळ्या गाड्यांवर मिळून, हा खरा मुद्दा आहे. करारात ‘प्रति वाहन किमान 2,500 किमी’ असं लिहिलं असेल, तर पहिल्या गाडीचे जादा 600 किलोमीटर वेगळे भरायचे आणि तिसऱ्या गाडीचे न धावलेलेही भरायचे. ‘तिन्ही वाहनांचे मिळून किमान 7,500 किमी’ असं लिहिलं असेल, तर हिशोब पालटतो. बदली गाडी धरून एकूण धाव 7,700 किलोमीटर होते आणि बिल 1,38,600 रुपयांचं. एका वाक्याच्या फरकानं महिन्याला 16,200 रुपये वाचतात.

व्हेंडर याला सहज तयार होत नाही, आणि त्याचीही बाजू आहे. बहुतेक व्हेंडरांकडे स्वतःच्या गाड्या थोड्या असतात, बाकीच्या अटॅच केलेल्या. तीन गाड्यांचे मालक तीन वेगळे असले तर तिसऱ्या मालकाला तो 45,000 चा शब्द देऊन बसलेला असतो. म्हणून एकत्रित किमान मागताना रूट आलटून-पालटून देण्याची तयारी कंपनीनं दाखवावी. हडपसरचा लांबचा रूट कायम एकाच गाडीला आणि बाणेरचा जवळचा दुसरीला, असं केलं नाही तर धाव आपोआप सारखी होते आणि व्हेंडरची अडचण सुटते.

आता पहिल्या गाडीचे ते जादा 600 किलोमीटर. तिचा चालक गाडी रात्री घरी नेतो. घरापासून पहिल्या पिकअपपर्यंत 12 किलोमीटर, शेवटच्या ड्रॉपपासून घरापर्यंत पुन्हा 12. महिन्याचे 25 दिवस धरले की बरोबर 600. या रिकाम्या धावेला डेड किलोमीटर म्हणतात. करारात ‘गॅरेज ते गॅरेज’ हे शब्द असले की ती तुमच्या बिलात येते. ‘पहिला पिकअप ते शेवटचा ड्रॉप’ असेल तर येत नाही, पण मग व्हेंडर तिचा खर्च दरात मिसळतो. फुकट कोणीच गाडी चालवत नाही. मला त्यातल्या त्यात बरा वाटतो तो मधला मार्ग: रिकाम्या धावेला एका बाजूला चार-पाच किलोमीटरची मर्यादा लिहून घ्यायची. मग रूटच्या जवळ राहणारा चालक देणं व्हेंडरच्याच फायद्याचं ठरतं.

इथे एक गंमत आहे. समजा एकत्रित किमानही मिळालं आणि डेड किलोमीटरही पूर्ण बाहेर काढले. धाव 7,100 वर आली. पण किमान 7,500 चं असल्यामुळे बिल 1,35,000 च्या खाली उतरत नाही. एवढ्या भांडणातून फक्त 3,600 रुपये हाती लागले. किमान आकड्याच्या खाली वाचवलेल्या किलोमीटरची किंमत शून्य असते. म्हणून करार करण्याआधी दोन-तीन महिन्यांची खरी धाव काढावी, त्यात दिवाळी-गणपतीच्या सुट्ट्या आणि घरून काम करण्याचे दिवस धरावेत, आणि किमान आकडा नेहमीच्या धावेपेक्षा थोडा खालीच ठेवावा. किमानाचा हिशोब महिन्याऐवजी तिमाहीला मिळाला तर आणखी चांगलं, कारण ऑक्टोबरातली तूट डिसेंबरात भरून निघते.

लॉगशीटवर वाहनाचं सुरुवातीचं आणि शेवटचं रीडिंग असतं, खाली कर्मचाऱ्याची सही. घाईत असलेला कर्मचारी कोऱ्या कागदावर सही करून उतरतो आणि रीडिंग नंतर भरलं जातं. हे पकडायला मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक रूट एकदा स्वतः गाडीत बसून मोजावा, ते अंतर करारासोबत जोडावं आणि जीपीएसच्या नोंदीशी महिन्यातून काही फेऱ्या ताडून बघाव्यात. रोजचं अंतर तंतोतंत सारखं असेल तरी शंका घ्यावी. पुण्याच्या रस्त्यांवर रोज तोच आकडा येत नाही.

इंधनदराच्या कलमावरही नजर हवी. गॅस पाच टक्क्यांनी महागला की व्हेंडर म्हणतो, ‘मॅडम, दर पाच टक्के वाढवून द्या.’ ऐकायला रास्त वाटतं. पण समजा गॅस 90 रुपये किलो आहे आणि गाडी किलोला 20 किलोमीटर देते. पाच टक्के वाढ म्हणजे किलोमागे साडेचार रुपये, आणि किलोमीटरमागे साडेबावीस पैसे. 18 रुपयांवर पाच टक्के दिले तर 90 पैसे जातात, म्हणजे चौपट. करारात त्या दिवसाचा इंधनदर आणि गाडीचं ॲव्हरेज लिहून ठेवावं, आणि वाढ असो वा घट, फरकाला ॲव्हरेजनं भागून दर बदलावा.

चालकाच्या वर्तनाबद्दल बहुतेक करारांत ‘चालक सभ्य व गणवेशात असावा’ असं एक वाक्य असतं आणि त्याखाली दंडाची रक्कम. त्या दंडानं काही साधत नाही. तो व्हेंडरच्या बिलातून कापला जातो, व्हेंडर चालकाच्या पगारातून कापतो आणि दुसऱ्या दिवशी तोच चालक चिडलेल्या मनानं गाडी चालवतो. कामाची कलमं वेगळी असतात. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या एका तरुणीवर कंपनीच्या कॅबच्या चालकानं आणि त्याच्यासोबत गाडीत बसलेल्या साथीदारानं गहुंज्याजवळ बलात्कार केला आणि तिचा खून केला. ती घटना आठवली की काही अटी कशासाठी लिहायच्या ते सांगावं लागत नाही: गाडीत बाहेरचा माणूस बसवायचा नाही, पोलीस पडताळणी झाल्याशिवाय चालक पाठवायचा नाही, ठरलेला चालक परस्पर बदलायचा नाही, रात्री पहिला पिकअप किंवा शेवटचा ड्रॉप महिलेचा असेल तर गाडीत सुरक्षारक्षक हवा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना कामावर ठेवायचं असेल तर त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय मालकाला करावी लागते. दारापर्यंत म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत नव्हे. ती आत जाईपर्यंत गाडी थांबली पाहिजे.

याचा हिशोबाशीही संबंध आहे. अर्टिगात चालक सोडून सहा जण बसतात. रक्षक बसला की पाच. शेवटचा ड्रॉप पुरुषाचा यावा म्हणून रूट उलटा फिरवला की किलोमीटर वाढतात. हे किलोमीटर आधीच धरून किमान ठरवलं नाही, तर महिनाअखेरीस कोणीतरी खर्च वाचवण्यासाठी रक्षकच काढून टाकतो.

आणि झोप. रात्री दोनला शेवटचा ड्रॉप करून सकाळी साडेपाचला पहिल्या पिकअपला हजर राहणारा चालक गाडीतच सीट पाडून झोपलेला असतो. एका गाडीचे किलोमीटर भरून निघावेत म्हणून तिला दोन पाळ्या देतात आणि चालक मात्र एकच ठेवतात. दोन पाळ्या तर दोन चालक, आणि दोन ड्युट्यांमध्ये किमान आठ तासांचं अंतर, हे करारात हवं. लॉगशीटवर चालकाचं नाव आणि सही असेल तरच ते तपासता येतं.

बदली गाडीची ओळ अजून बाकी आहे. पाच दिवस न आलेल्या गाडीचं किमान पूर्ण भरायचं आणि तिच्या बदलीचे 9,000 वेगळे द्यायचे, हे सरळ दुहेरी बिल आहे. बदली गाडीचे किलोमीटर मूळ गाडीच्याच खात्यात पडले पाहिजेत, आणि तिच्या आणण्या-नेण्याची रिकामी धाव व्हेंडरची. बदली आलीच नाही, तर त्या दिवसाचे 100 किलोमीटर किमानातून वजा व्हायला हवेत. गाडी रस्त्यात बंद पडली तर किती मिनिटांत दुसरी येणार, हा आकडा लिहून घ्यावा, नाहीतर ‘मॅडम, गाडी निघालीय, दहा मिनिटांत पोचते’ हे वाक्य तासभर ऐकावं लागतं. ती वेळ टळली तर कर्मचाऱ्यानं ॲपवरून टॅक्सी करावी आणि ते भाडं व्हेंडरच्या बिलातून वजा व्हावं. बदली गाडीही पिवळ्या पाटीचीच हवी. व्हेंडरच्या मेव्हण्याची पांढऱ्या पाटीची गाडी एखाद्या दिवसासाठी चालवून घेतली आणि त्या दिवशी अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी होते.

तिसरी गाडी पाच दिवस का आली नाही, हे मात्र लॉगशीट सांगत नाही. कधी क्लच गेलेला असतो, कधी चालक गावी गेलेला असतो. पण अनेकदा मालकाला दोन-दोन महिन्यांचे पैसे मिळालेले नसतात आणि गॅस भरायला खिशात काही उरलेलं नसतं. कंपनी व्हेंडरला साठ दिवसांनी देते, व्हेंडर मालकाला नव्वद दिवसांनी. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर कायद्यानं पैसे चुकते करायला 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, पण हे कलम व्हेंडर ग्राहक तुटेल या भीतीनं काढत नाही. सौदा कंपनीनंच मांडावा: बिल आल्यापासून तीस दिवसांत पैसे देऊ, आणि पुढच्या बिलासोबत अटॅच गाडीमालकांना मागच्या महिन्याचे पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा जोडायचा. एकत्रित किमान मान्य करून घेतानाही ही अट टेबलावर ठेवली, तर व्हेंडर बोलायला बसतो.