प्लास्टरचा हात आणि बाही

बाथरूममध्ये पाय घसरतो, पडताना हात टेकला जातो आणि मनगट मोडतं. साठी ओलांडलेल्या बायकांमध्ये हे वारंवार घडतं. साधारण सहा आठवडे प्लास्टर राहणार, असं डॉक्टर सांगतात. घरी आल्यावर पहिला प्रश्न पडतो तो कपड्यांचा. एका हाताने निऱ्या घालता येत नाहीत, परकराची नाडी बांधता येत नाही आणि ब्लाउजच्या बाहीत तर प्लास्टर शिरतच नाही.

अशा वेळी पुढून पूर्ण उघडणारा सुती गाऊन उपयोगी पडतो, पण बाहीचं माप घेऊनच. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत असेल तर हात काटकोनात वाकलेला असतो. मनगटाजवळचा घेर मोजून शिवलेली बाही कोपरापाशी हमखास अडकते. म्हणून टेप कोपराच्या टोकावरून आतल्या खळीपर्यंत तिरका फिरवून माप घ्यावं. ते ३८ सेंटिमीटर आलं, तर बाहीचा घेर ४३-४४ तरी हवा. नवा गाऊन शिवायचीही गरज नाही. जुन्याच गाऊनची बाहीखालची शिवण काखेपासून कमरेपर्यंत आणि बाहीच्या टोकापर्यंत उसवून तिथे वेल्क्रो किंवा टिचबटणं लावली, तर बाही पूर्ण उघडते आणि हात ओढावा लागत नाही. वेल्क्रोची खरखरीत बाजू मात्र कातडीला लागू देऊ नये.

घालायचा क्रमही ठरलेला आहे. दुखऱ्या हाताची बाही आधी आणि चांगल्या हाताची नंतर; काढताना याच्या उलट. बाईंनी खुर्चीत बसावं, मदतीला असणाऱ्याने बाही गोळा करून हातावर सरकवावी. झोळी कपड्याच्या आत नव्हे, वरून घालावी. म्हणजे गाऊन बदलताना हात कपड्यात अडकत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत कडक होतं, पण आतून वाळायला दोन-तीन दिवस लागू शकतात. तेवढे दिवस त्यावर जाड शाल किंवा घट्ट बाही चढवू नये. बोटं सतत दिसायला हवीत, म्हणून लांब बाही दुमडून ठेवावी. अंगठी आणि बांगड्या तर प्लास्टरच्या आधीच काढलेल्या बऱ्या, कारण सूज चढली की त्या निघत नाहीत.

बोटं निळसर किंवा पांढरी पडली, बधिर झाली, मुंग्या थांबेनात किंवा वेदना वाढतच गेली, तर दोष कपड्याचा नसून प्लास्टर आतून आवळत असण्याची शक्यता असते. तेव्हा बाही सैल करत बसू नये, त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

सैलपणालाही मर्यादा आहे. लोंबणारी बाही गॅसच्या ज्योतीजवळ धोक्याची असते आणि दाराच्या कडीत अडकली तर मोडलेल्या हाताला हिसका बसतो. स्वयंपाकघरात जाण्याआधी उघडी बाही पिनेने दुमडून घ्यावी, पण पीन कातडीपासून दूर, बाहेरच्या बाजूला.