सांगितले ४१२, विकले ४०३ला

समजा, सांगलीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे एका कंपनीचे २०० शेअर आहेत. सकाळी १० वाजून ५२ मिनिटांनी त्या ब्रोकरच्या शाखेत फोन करतात आणि डीलरला सांगतात, "माझे दोनशे शेअर चारशे बाराला विकायला लावा. त्याच्या खाली नको." त्या वेळी भाव ४०९च्या आसपास आहे. डीलर "हो बाई, लावतो" म्हणतो. संध्याकाळी मोबाइलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. शेअर विकले गेलेले असतात, पण सरासरी ४०३ रुपये ६० पैशांनी.

अशा वेळी पहिली चिठ्ठी रागातच लिहिली जाते: "तुम्ही माझे शेअर चुकीच्या भावाने विकले, माझे नुकसान भरून द्या." ब्रोकरकडून दोन ओळींचे उत्तर येते: सौदा त्या वेळच्या बाजारभावानेच झाला आहे. हे उत्तर खरेही असते, म्हणूनच तक्रार तिथे अडकते. बाईंचे गाऱ्हाणे खरे आहे, पण त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवले आहे.

शेअर बाजाराचा संगणक लिमिट ऑर्डरच्या बाबतीत चूक करत नाही. ४१२च्या लिमिटने विकायला लावलेली ऑर्डर ४१२ला किंवा त्याहून चांगल्या भावालाच जुळते, एक पैसाही खाली नाही. म्हणजे शेअर ४०३ला विकले गेले असतील, तर ४१२ची ऑर्डर एक्स्चेंजपर्यंत पोहोचलीच नाही, पोहोचल्यावर कोणीतरी बदलली, किंवा तिच्या जागी दुसरीच ऑर्डर गेली. तेव्हा तक्रारीत भाव चुकला असे म्हणण्याऐवजी मी सांगितलेली ऑर्डर आणि तुम्ही टाकलेली ऑर्डर या दोन वेगळ्या आहेत, असे म्हणायला हवे. आणि हे कागदावर दाखवता येते.

तो कागद म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट. सौद्यानंतर २४ तासांच्या आत ती ग्राहकाला द्यावीच लागते. आपण त्यात शेवटची रक्कम बघतो आणि पान बंद करतो. खरे महत्त्वाचे असतात ते डावीकडचे चार रकाने: ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची वेळ, ट्रेड क्रमांक आणि ट्रेडची वेळ. वर एकच सरासरी भाव छापलेला असेल, तर सोबतच्या तपशिलाच्या पानावर प्रत्येक सौदा वेगळा दिलेला असतो. बाईंच्या नोटेत एका ऑर्डरखाली दोन सौदे आहेत: १२० शेअर ४०४ रुपयांना आणि ८० शेअर ४०३ रुपयांना. ऑर्डरची वेळ ११ वाजून २६ मिनिटे ७ सेकंद, सौद्यांची वेळ त्यानंतरच्याच सेकंदाची.

या दोन वेळा बरेच काही सांगतात. फोन १०.५२चा आणि ऑर्डर ११.२६ची, म्हणजे मधली ३४ मिनिटे ऑर्डर बाजारात नव्हती. शिवाय ऑर्डर टाकल्याबरोबर पुढच्याच सेकंदाला दोन वेगवेगळ्या भावांना माल गेला. समोर जो घेणारा उभा होता त्याला आधी ४०४ला १२० दिले, तो संपल्यावर खालच्या ४०३च्या घेणाऱ्याला उरलेले ८०. हे बहुधा मार्केट ऑर्डरचे लक्षण आहे. डीलर आधी विसरला असावा, आठवल्यावर भाव पडलेला दिसला आणि घाईत त्याने मार्केट ऑर्डर पंच केली. नक्की काय झाले ते ब्रोकरकडच्या ऑर्डर लॉगमध्ये असते. ऑर्डर कोणत्या टर्मिनलवरून, कोणत्या प्रकारची, किती वाजता टाकली आणि नंतर बदलली का, हे त्यात नोंदलेले असते. तक्रारीत तोच लॉग मागायचा.

तक्रार लिहिण्याआधी नोटेतल्या भावांचे रकाने नीट पाहून घ्यावेत. काही नोटांत दलालीआधीचा आणि दलालीनंतरचा असे दोन भाव छापतात. दलाली वजा केलेला भाव पाहून "चुकीच्या भावाने विकले" अशी तक्रार केली, तर ती पहिल्याच वाचनात निकालात निघते. सौद्याचा ट्रेड क्रमांक एनएसईच्या संकेतस्थळावरच्या ट्रेड पडताळणीच्या सोयीतही तपासता येतो. मात्र ही सोय सौद्यानंतर थोडेच दिवस उपलब्ध असते, म्हणून पडताळणी लगेच करावी.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: नुकसान नेमके किती? ४१२ने २०० शेअरचे ८२,४०० रुपये झाले असते. प्रत्यक्षात ८०,७२० मिळाले. फरक १,६८० रुपये. पण ४१२ची ऑर्डर वेळेवर लागली असती, तर ती जुळली असतीच हे आधी दाखवावे लागते. त्यासाठी त्याच एक्स्चेंजचा, त्या दिवसाचा एक-एक मिनिटाचा चार्ट बघायचा. सौदा एनएसईवर झाला असेल तर बीएसईचा चार्ट उपयोगाचा नाही.

भाव नुसता ४१२ला टेकून परत आला असेल, तर दावा लंगडा पडतो. एकाच भावाला अनेकांच्या ऑर्डरी रांगेत असतात आणि आधी आलेल्याचा नंबर आधी लागतो. बाईंचा नंबर लागण्याआधीच भाव फिरला असता, असे ब्रोकर म्हणू शकतो. पण भाव ४१२ ओलांडून वर गेला असेल, तर ही शंका उरत नाही, कारण ४१२ला विकणारे सगळे संपल्याशिवाय कोणी त्याहून जास्त पैसे मोजत नाही. आपल्या उदाहरणात ११ वाजून ५ मिनिटांच्या काडीचा उच्चांक ४१३ रुपये ४० पैसे आहे. फोन होऊन तेव्हा तेरा मिनिटे झाली होती. ऑर्डर पंच करायला एवढा वेळ पुरेसा आहे. त्या चार्टचे चित्र त्याच दिवशी जपून ठेवावे.

दिवसाचा उच्चांक ४१०च असता, तर गणित बदलले असते. मग ४१२ला विक्री झालीच नसती आणि शेअर बाईंच्याच खात्यात राहिले असते. तक्रार तेव्हाही खरी असती, कारण न सांगितलेली विक्री झाली. पण नुकसान मोजायचे ते शेअर परत घ्यायला किती जास्त पैसे लागले त्यावरून, ४१२वरून नव्हे.

एवढी तयारी झाली की पत्र लहान होते. ते डीलरला न पाठवता ब्रोकरच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर पाठवायचे आणि कम्प्लायन्स अधिकाऱ्याला प्रत द्यायची.

"विषय: दिलेल्या सूचनेपेक्षा वेगळी ऑर्डर टाकल्याबद्दल तक्रार. ग्राहक कोड अमुक, ऑर्डर क्रमांक अमुक.

महोदय, दि. १२ रोजी सकाळी १०.५२ वाजता माझ्या नोंदणीकृत मोबाइलवरून मी आपल्या शाखेत फोन केला. बोलणे १ मिनिट ४० सेकंद झाले. अमुक कंपनीचे २०० शेअर ४१२ रुपयांच्या लिमिटने विकण्याची सूचना मी दिली.

आपल्या कॉन्ट्रॅक्ट नोटेनुसार वरील ऑर्डर ११:२६:०७ वाजता टाकली गेली आणि ११:२६:०८ वाजता १२० शेअर ४०४ रुपयांना व ८० शेअर ४०३ रुपयांना विकले गेले. दोन्ही ट्रेड क्रमांक सोबत दिले आहेत. ४१२च्या लिमिटची ऑर्डर या भावांना जुळू शकत नाही.

त्याच दिवशी ११.०५ वाजता एनएसईवर भाव ४१३.४० पर्यंत गेला होता. सूचनेनुसार ऑर्डर लागली असती तर ती पूर्ण झाली असती. फरक १,६८० रुपये आहे.

कृपया १०.५२च्या फोनचे रेकॉर्डिंग आणि या ऑर्डरचा लॉग मला द्यावा, आणि १,६८० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत. उत्तर लेखी द्यावे."

सौदा रद्द करा, ही मागणी या पत्रात मुद्दाम घातलेली नाही. समोरच्या घेणाऱ्याने प्रामाणिकपणे शेअर घेतलेले असतात. एक्स्चेंजवरचा सौदा रद्द करून घेण्याची वाट फार अरुंद आहे आणि तो अर्ज ब्रोकरने सौद्यानंतर काही मिनिटांतच करायचा असतो. संध्याकाळी नोट वाचणाऱ्याला ती वाट बंदच असते. म्हणून मागणी फरकाच्या रकमेची करायची.

रेकॉर्डिंगची मागणी मात्र सोडू नये, कारण ग्राहकाची खरी ताकद तिथे आहे. सेबीच्या नियमांनुसार २०१८पासून ब्रोकरने ग्राहकाच्या सूचनेचा पुरावा ठेवल्याशिवाय ऑर्डर टाकायची नाही. तो पुरावा फोनचे रेकॉर्डिंग असेल, सही केलेली चिठ्ठी, ईमेल, एसएमएस किंवा ॲपचा लॉग असेल. वाद झाला तर तो पुरावा पुढे करण्याची जबाबदारी ब्रोकरची आहे. शाखेच्या नंबरऐवजी डीलरच्या खासगी मोबाइलवर फोन करून दिलेली ऑर्डर मात्र रेकॉर्ड होत नाही, आणि पुष्कळ खऱ्या तक्रारी तिथेच पडतात.

पत्र पोहोचल्यावर अनेकदा डीलरचाच फोन येतो: "बाई, तक्रार मागे घ्या, पुढच्या सौद्यात भरून काढू." हे कबूल करू नये. पुढच्या सौद्यात नफा होईलच असे नाही, आणि मागे घेतलेल्या तक्रारीला नंतर वजन राहत नाही.

ब्रोकरने दाद दिली नाही, तर सेबीच्या स्कोर्स या ऑनलाइन व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते. तिथे २१ दिवसांच्या आत उत्तर देणे ब्रोकरवर बंधनकारक आहे. मात्र ब्रोकरकडे आधी लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि घटनेला एक वर्षाहून अधिक काळ लोटलेला नसावा. तिथेही समाधान झाले नाही, तर २०२३मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट ओडीआरवर समेट आणि लवाद यांचा मार्ग आहे. पहिल्या पत्रातले क्रमांक आणि वेळा या दोन्ही ठिकाणी जशाच्या तशा उपयोगी पडतात.

काही तक्रारी मात्र टिकणार नाहीत, हे आधीच ओळखावे. ॲपवर स्वतःच मार्केट ऑर्डर टाकली असेल, तर स्क्रीनवर दिसलेला भाव आणि लागलेला भाव यांतला फरक ब्रोकरचा दोष नसतो. स्क्रीनवर शेवटच्या सौद्याचा भाव दिसतो, आणि ऑर्डर जुळते त्या क्षणी समोर उभ्या असलेल्याच्या भावाला. स्टॉपलॉसचेही तसेच आहे. ४००चा ट्रिगर म्हणजे ४००ला विक्री नव्हे. तो भाव येताच ऑर्डर बाजारात सोडली जाते, एवढाच त्याचा अर्थ. बाजार घसरणीत असेल तर मार्केट प्रकारचा स्टॉपलॉस ३९६लाही लागू शकतो.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी तीन नोंदी एकाखाली एक मांडाव्यात: मी काय सांगितले, ब्रोकरने काय टाकले, बाजारात काय झाले. पहिल्या दोन जुळत असतील तर पत्र लिहू नये. जुळत नसतील तर तिसरी नोंद नुकसानीचा आकडा सांगते. बाईंच्या बाबतीत तो १,६८० रुपये निघाला, आणि पत्रात त्याहून एक रुपयाही जास्त मागितलेला नाही.